आयसीयूच्या दारावरची नोटीस: भेटीची वेळ, हात आणि नातेवाईक

बारा खाटांच्या आयसीयूची इनचार्ज म्हणून मी रुजू झाले तेव्हा दारावर एक नोटीस होती. "आत गर्दी करू नये. भेटीची वेळ पाळावी. चप्पल-बूट बाहेर काढावेत. मोबाईल वापरू नये. नियम मोडल्यास कारवाई करण्यात येईल. हुकुमावरून." ती कुणी वाचत नसे. वाचणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागतही नसे, कारण भेटीची वेळ कोणती हेच तिच्यात लिहिलेलं नव्हतं. दिवसभर दारात माणसं उभी असत, वॉचमनशी हुज्जत चाले आणि शेवटी आवाज चढवणारा आत जाई. गप्प बसून वाट पाहणारी बाई मात्र संध्याकाळपर्यंत बाहेरच राही.

तिथून आम्ही जी नोटीस आणि तिच्यामागचं धोरण तयार केलं, ते कसं केलं हे इथे क्रमाने सांगते. तुमच्या आयसीयूच्या वेळा आणि खाटा वेगळ्या असतील, पण कामाची पद्धत तीच राहील.

आधी धोरण, मग नोटीस

नोटीस आणि धोरण हे दोन वेगळे कागद आहेत. नोटीस नातेवाईकांसाठी असते आणि ती एका पानाच्या वर जाता कामा नये. धोरण स्टाफसाठी असतं. सवलत कुणी द्यायची, कधी द्यायची आणि कुठे नोंदवायची हे त्यात लिहायचं. बहुतेक ठिकाणी नोटीस असते, धोरण नसतं. मग रात्रपाळीची सिस्टर एक सांगते, दिवसपाळीची दुसरं सांगते, आणि नातेवाईकांना वाटतं की इथे ओळख असली की सगळं चालतं. ती समजूत एकदा पक्की झाली की कितीही गोड भाषेतली नोटीस लावा, उपयोग होत नाही.

भेटीच्या वेळा कशा ठरवाव्यात

आठवडाभर एका कागदावर तासातासाला काय चालू असतं ते लिहून काढा. आमच्याकडे सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ८ ला ड्युटी बदलते. त्याच्या आगेमागे अर्धा तास हँडओव्हरमध्ये जातो. पहाटे रक्ताचे नमुने आणि स्पंजिंग, नऊ ते अकरा डॉक्टरांचा राऊंड, त्यानंतर ड्रेसिंग आणि नव्या लाइन्स. एवढं मांडल्यावर दोन मोकळ्या जागा दिसल्या: दुपारी १२ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ६. आम्ही त्या ठरवल्या. एका वेळी एका पेशंटजवळ एकच माणूस, आणि एका तासात दोघांनी आलटून पालटून भेटायचं.

वेळा ठेवायच्या त्या कामाच्या सोयीसाठी, आणि नोटिशीत कारणही तेच लिहायचं. "नातेवाईक आले की संसर्ग पसरतो" असं सरसकट लिहू नका, कारण ते खरं नाही. २०१९ साली ब्राझीलमधल्या ३६ आयसीयूंचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भेटीची वेळ दिवसाला बारा तासांपर्यंत वाढवली होती. आयसीयूतला संसर्ग त्यामुळे वाढला नाही, आणि नातेवाईकांमधली चिंतेची व नैराश्याची लक्षणं कमी झाली. पेशंटचा डेलिरियम, म्हणजे आयसीयूत होणारा तो गोंधळ आणि भ्रम, मात्र लक्षणीय कमी झाला नाही. त्या युनिट्समध्ये नातेवाईकांना आयसीयूची माहिती देणाऱ्या बैठकाही होत्या. म्हणजे नुसतं दार उघडं टाकून भागत नाही. तुमच्याकडे जागा आणि माणसं असतील तर वेळ जरूर वाढवा. आमच्याकडे दोन खाटांमध्ये जेमतेम एक खुर्ची मावते, म्हणून आम्ही दोन तासांवर थांबलो.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. दारातल्या गर्दीतली बरीचशी माणसं भेटीसाठी आलेली नसतात, ती बातमीसाठी थांबलेली असतात. "आज कसं आहे?" याचं उत्तर मिळत नाही तोवर ती हलत नाहीत. म्हणून दुपारच्या भेटीनंतर १ ते १:३० ही वेळ डॉक्टरांनी नातेवाईकांशी बोलण्यासाठी राखली. दारात उभ्या उभ्या बोलायचं नाही, शेजारच्या खोलीत बसून बोलायचं. प्रत्येक कुटुंबाने एक माणूस नेमायचा. फोनवर माहिती त्यालाच मिळेल, आणि तीही भरतीच्या दिवशी दिलेला चार आकडी परवलीचा नंबर सांगितल्यावर. हे सुरू झालं आणि भेटीच्या वेळेवरची भांडणं निम्म्याहून कमी झाली. वेळांच्या नियमाला आम्ही तोपर्यंत हातही लावला नव्हता.

हातांचा नियम: दारात, खाटेजवळ, जाताना

सगळ्यात जास्त चूक इथे होते. दारावर सॅनिटायझरची एक बाटली लटकवली आणि खाली "हात स्वच्छ करा" लिहिलं की काम झालं असं वाटतं. एकदा भेटीच्या वेळी मी दाराजवळ उभी राहून नुसती पाहत होते. एका मुलाने नीट सॅनिटायझर घेतलं, हात चोळले, मग दाराची मूठ ढकलली, चालता चालता खिशातून मोबाईल काढला, मेसेज पाहिला, खाटेचा कठडा धरला आणि तोच हात वडिलांच्या हातावर ठेवला. सलाईनची सुई त्याच हाताला होती. दारातलं सॅनिटायझर तिथपर्यंत पोचलंच नव्हतं.

त्यामुळे आमचा नियम तीन ठिकाणांचा आहे. दारातून आत येताना, खाटेजवळ पेशंटला हात लावण्याआधी, आणि बाहेर पडताना. यातलं मधलं ठिकाण सगळ्यात महत्त्वाचं. त्यासाठी प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी बाटली हवी, कारण जे हाताशी असतं तेच माणूस वापरतो. मोबाईल आत खिशात किंवा पर्समध्येच राहील. "यंत्रांवर परिणाम होतो" असं कारण आम्ही देत नाही. हात, फोटो आणि आवाज ही खरी कारणं आहेत आणि लोकांना ती पटतात.

किती घ्यायचं हेही सांगावं लागतं. ओंजळ ओली होईल इतकं, साधारण तीन मिली लागतं, आणि हात वाळेपर्यंत म्हणजे २० ते ३० सेकंद चोळायचं. आमच्या पंपातून एका दाबात किती येतं ते आम्ही मोजलं. मोजपात्रात दहा वेळा दाबलं तर पंधरा मिली भरलं. म्हणजे एका दाबात दीड मिली, म्हणून नोटिशीत "दोन वेळा दाबा" आहे. तुमचा पंप तुम्ही मोजा. चोळताना तळहात, हाताची मागची बाजू आणि बोटांच्या बेचक्या लोक आपसूक घेतात. अंगठे आणि बोटांची टोकं राहून जातात, आणि पेशंटच्या कपाळावरून, हातावरून फिरतात ती नेमकी बोटांची टोकंच.

हात दिसायला मळलेले असतील किंवा माणूस शौचालयातून आला असेल तर साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. आणखी एका ठिकाणी साबणच लागतो: जुलाबाच्या विशिष्ट संसर्गामुळे वेगळ्या ठेवलेल्या पेशंटजवळून निघताना. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, ते धुऊनच काढावे लागतात. अशा खाटेवर आम्ही निळी पाटी लावतो आणि गाऊन-ग्लोव्हज कसे घालायचे, काढायचे हे सिस्टर स्वतः दाखवते. बाकीच्या खाटांसाठी नातेवाईकांना ग्लोव्हज देत नाही. ग्लोव्हज घातले की माणसाला वाटतं हात स्वच्छच आहेत, आणि त्याच हाताने तो सगळीकडे स्पर्श करत जातो. बुटांवरची प्लास्टिकची कव्हरंही बंद केली, कारण ती चढवताना वाकून बुटाला हात लागतो.

नियम पाळला जातो का हे विचारून कळत नाही, लोक "हो, लावलं" म्हणतात. बाटलीवरून कळतं. दोन वेळा, बारा खाटा, प्रत्येकी दोन माणसं म्हणजे दिवसाला ४८ भेटी. दारातली बाटली येताना एकदा आणि जाताना एकदा, म्हणजे ९६ वेळा वापरली जायला हवी. तीन मिलीने हिशेब केला तर २८८ मिली. पाचशे मिलीची बाटली दोन दिवसांच्या आत संपली पाहिजे. आमची पहिली बाटली आठ दिवस टिकली होती! म्हणून आता बाटलीवर उघडल्याची तारीख लिहितो.

वाक्य कसं घडवायचं

आपुलकी आणि ठामपणा एकाच वाक्यात बसवता येतात. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: काय करायचं, का करायचं आणि मनात आलेलं करता येत नसेल तर त्याऐवजी काय. "पेशंटला खायला-प्यायला देऊ नये" यात फक्त मनाई आहे. आता हे पाहा: "तहान लागली म्हणाले तरी पाणी पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. सिस्टरला सांगा, त्या तोंड ओलं करतील." हे वाक्य मी फार विचार करून लिहिलं आहे. श्वासाची नळी काढल्यावर काही पेशंटना काही काळ नीट गिळता येत नाही. पाणी फुप्फुसात उतरतं आणि अनेकदा ठसकाही लागत नाही, त्यामुळे पाजणाऱ्याला काही कळतच नाही. दोन दिवस नळीवर असलेला माणूस डोळे उघडून "पाणी" म्हणतो तेव्हा त्याची बायको पाणी देणारच. तिला नुसती मनाई करून भागणार नाही, तिला दुसरं काहीतरी करायला द्यावं लागेल.

"करू नये", "पाळावे" ही हुकमी रूपं काढून टाका. समोरच्या माणसाशी बोलतो तसं "करू नका", "थांबा", "सांगा" लिहा. "कृपया" एकदाच, सुरुवातीला. प्रत्येक ओळीत "कृपया" आलं की ते विनवणीसारखं वाटतं आणि ज्या दोन गोष्टींवर तडजोड नाही त्याही विनवणीतच जमा होतात. "सहकार्य करावे" या शब्दांना काही अर्थ नाही. नेमकं काय करायचं ते लिहा. "कारवाई" हा शब्द आम्ही पूर्ण काढला. त्याच्या जागी नेमकं काय होईल ते लिहिलं.

आणि नोटिशीत आमच्याकडून काय मिळेल तेही असलं पाहिजे. फक्त नातेवाईकांनी काय करायचं एवढंच लिहिलेला कागद एकतर्फी वाटतो, आणि तो असतोही एकतर्फीच.

आमची नोटीस

अतिदक्षता विभागात आपल्या माणसाला भेटताना

आपलं माणूस आत आहे आणि आपण बाहेर थांबला आहात, हे किती कठीण आहे याची आम्हाला कल्पना आहे. कृपया हे एकदा पूर्ण वाचा. वाचणं शक्य नसेल तर सिस्टर वाचून दाखवतील.

भेट: दुपारी १२ ते १ आणि संध्याकाळी ५ ते ६. एका वेळी एकच जण, एका भेटीत दोघे आलटून पालटून. इतर वेळी आत तपासण्या आणि उपचार चालू असतात.

तब्येतीची माहिती: रोज दुपारी १ ते १:३०, शेजारच्या खोलीत डॉक्टर भेटतील. तब्येतीत मोठा बदल झाला तर आम्ही स्वतः फोन करू, कोणतीही वेळ असो.

हात: दारात, खाटेजवळ आणि जाताना. बाटली दोन वेळा दाबा, वाळेपर्यंत चोळा, अंगठे आणि बोटांची टोकं विसरू नका. अंगठी, घड्याळ काढून ठेवा. मोबाईल खिशातच राहू द्या.

आपल्याला ताप, सर्दी-खोकला, डोळे आलेले किंवा अंगावर पुरळ असेल तर बरे होईपर्यंत आत येऊ नका. उलट्या-जुलाब झाले असतील तर ते थांबल्यावर दोन दिवस थांबा. तोवर फोनवरून आपला आवाज ऐकवायची सोय आम्ही करू.

आत आल्यावर: त्यांचा हात हातात घ्या, नावाने हाक मारा, घरचं बोला. उत्तर आलं नाही तरी बोला. त्यांचा चष्मा आणि कानाचं यंत्र आणून द्या.

पाणी किंवा खाणं देऊ नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तहान लागली म्हणाले तर सिस्टरला सांगा, त्या तोंड ओलं करतील.

यंत्र वाजलं तर बटण दाबू नका, नळीला हात लावू नका. जागेवरूनच सिस्टरला हाक मारा. नुसत्या हालचालीनेही यंत्र वाजतं.

दुसऱ्या खाटेजवळ जाऊ नका, तिथल्या पेशंटची चौकशी करू नका. फोटो-व्हिडिओ काढू नका. तिथेही कुणाचं तरी माणूस आहे. फुलं आत आणता येत नाहीत.

शेजारच्या खाटेवर तातडीचे उपचार सुरू झाले तर आम्ही आपल्याला बाहेर थांबायला सांगू. तेव्हा लगेच बाहेर या. आपली जेवढी वेळ बुडेल तेवढी आम्ही भरून देऊ.

लांबून येणाऱ्यांसाठी, लहान मुलांसाठी आणि पेशंटची प्रकृती गंभीर असेल तेव्हा वेगळी सोय होते. दारावरच्या बेलने इनचार्ज सिस्टरला बोलवा. ही सोय सर्वांना सारखी आहे, ओळख लागत नाही.

दोन गोष्टींना सवलत नाही. हात स्वच्छ केल्याशिवाय पेशंटला स्पर्श करता येणार नाही. आणि स्टाफला शिवीगाळ किंवा धक्काबुक्की झाली तर त्या व्यक्तीची भेट तिथेच थांबेल. पेशंटच्या उपचारात मात्र काहीही कमी पडणार नाही. तक्रार असेल तर इनचार्ज सिस्टरला सांगा, आम्ही बसून ऐकून घेऊ.

शेवटच्या परिच्छेदातलं उपचारांबद्दलचं वाक्य गाळू नका. नातेवाईक चिडतो तेव्हा त्याच्या मनात खोल कुठेतरी भीती असते की आता याचा राग पेशंटवर काढतील. ती भीती कागदावरच दूर करा.

नोटीस लावण्याआधी आम्ही ती बाहेर बसलेल्या तिघांना वाचून दाखवली आणि विचारलं, काय लक्षात राहिलं? वेळ, हात, पाणी आणि बेल एवढं आलं तर ठीक. पहिल्या मसुद्यातून फक्त वेळ आली, मग आम्ही अर्धा मजकूर कापला. उघडझाप होणाऱ्या दारावर नोटीस लावू नका, दार उघडलं की ती भिंतीकडे जाते. बसायच्या जागेसमोर, डोळ्यांच्या उंचीवर, बसल्या जागेवरून वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात लावा. एक प्रत भरतीच्या वेळी हातात द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोला. पहिल्या रात्री कुणाच्या डोक्यात काही शिरत नाही.

सवलत कशी द्यायची: एक प्रसंग

रात्री साडेनऊ. बासष्ट वर्षांचे गृहस्थ तिसऱ्या दिवशीही व्हेंटिलेटरवर. त्यांचे धाकटे भाऊ दूरवरून प्रवास करून आले, सोबत आणखी पाच जण. जुन्या पद्धतीत वॉचमन म्हणाला असता, "वेळ संपली, उद्या या," आणि भांडण पेटलं असतं.

धोरणात लिहिलं आहे की वॉचमनने नाही म्हणायचं नाही आणि हो पण म्हणायचं नाही. त्याचं वाक्य ठरलेलं आहे: "बसा, मी सिस्टरना बोलावतो." निर्णय त्या पाळीच्या इनचार्ज सिस्टरचा. ती आत पाहते: हँडओव्हर झालेला आहे, शेजारी काही तातडीचं नाही. मग स्वतः दारात येते. "काका, तुम्ही एवढ्या लांबून आलात, तुम्ही आत या. पाच मिनिटं. बाकीच्यांना आज आत घेता येणार नाही, बाकीचे पेशंट झोपलेत. उद्या बारा वाजता दोघं येऊ शकतात, कोण ते तुम्ही ठरवा." मग आत शिरायच्या आधी ती सांगते: "दादांच्या तोंडात नळी आहे, त्यामुळे ते बोलणार नाहीत. हात बांधल्यासारखे दिसतील, झोपेत नळी ओढू नये म्हणून मऊ पट्टा आहे. तो सोडू नका." हे आधी सांगितलं नाही तर माणूस आत जाऊन पट्टा पाहतो आणि हंबरडा फोडतो, किंवा सोडायला जातो.

खाटेजवळ ती स्वतः हात चोळते आणि बाटली त्यांच्यापुढे करते. तोंडाने सांगण्यापेक्षा हे लवकर समजतं. पाच मिनिटांनी बाहेर आणते आणि रजिस्टरमध्ये एक ओळ लिहिते: वेळ, खाट, नातं, कारण, सही.

पाचातला एक जण म्हणाला, "मी अमक्यांना फोन लावू का?" सिस्टर म्हणाली, "लावा, पण उत्तर हेच मिळेल." हे तिला म्हणता आलं, कारण वरिष्ठांची सही असलेला धोरणाचा कागद तिच्या टेबलावर होता. वशिल्याने आलेल्या माणसाला वेळेबाहेर सोडायचं नाही, स्टाफच्या नातेवाईकांनाही नाही, हे कलम आम्ही व्यवस्थापनाकडून आधी मंजूर करून घेतलं. सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागला.

पेशंट शेवटच्या टप्प्यात असेल तर घड्याळ बाजूला. पडदे ओढायचे, दोन खुर्च्या द्यायच्या, जवळच्यांना हवं तेवढं बसू द्यायचं. लहान मुलांना वयावरून अडवायचं नाही. त्यांना ताप-खोकला नाही ना हे पाहायचं, आत काय दिसेल ते आधी सांगायचं, सोबत एक मोठं माणूस ठेवायचं. मूल नको म्हणालं तर ओढून न्यायचं नाही.

रजिस्टर दर तीन महिन्यांनी उघडून वाचतो. पहिल्या वेळी दिसलं की निम्म्याहून जास्त सवलती संध्याकाळी ६ ते ७ मधल्या होत्या, आणि कारण बहुतेक एकच होतं: कामावरून सुटून यायला उशीर. लोक नियम मोडत नव्हते, आमचीच वेळ चुकीची होती. संध्याकाळची भेट आम्ही ६ ते ७ केली, नोटिशीत तेवढी एक ओळ बदलली आणि खाली नवी तारीख टाकली.